बंदूक फक्त बघते

बदकांच्या खेळातल्या बंदुकीतून काहीही सुटत नाही. ना किरण, ना लहर, ना टीव्हीपर्यंत पोचणारा कसला संदेश. नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचं भिंग असतं आणि आत, नळीच्या तळाशी, उजेड ओळखणारा हरभऱ्यापेक्षाही लहान सेन्सर. नळी जिकडे वळेल तिकडचा उजेड तो बघतो, आणि एका वायरीवरून खेळाला एवढंच सांगतो की उजेड दिसला किंवा नाही दिसला. चाप ओढल्याची बातमी दुसऱ्या वायरीवरून जाते. डक हंट हा खेळ जपानात १९८४ साली आला, पुढे त्याच्या नकला असलेले स्वस्त व्हिडिओ गेम आपल्याकडे गल्लोगल्ली पोचले, आणि पेटीतल्या काळ्या बंदुकीनं आपण गोळ्या मारतो असं आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराला वाटत राहिलं. खरं तर गोळी टीव्ही मारत होता. बंदूक ती झेलत होती.

हे लिहायचं कारण माझा भाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरची खोकी खाली काढताना त्याला माझा जुना व्हिडिओ गेम सापडला. सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ४३ इंची एलईडी टीव्ही आहे. त्याला त्यानं तो जोडला, मारिओ सुरू झाला, उड्या मारून झाल्या, आणि मग संध्याकाळी फोन आला. "मावशी, बंदूक मेलीय गं. एक पण बदक पडत नाही."

मी त्याला विचारलं, चाप ओढल्यावर आवाज येतो का? खाली कोपऱ्यात गोळ्यांची चित्रं असतात, त्यातली एक कमी होते का? दोन्ही होतं म्हणाला. म्हणजे चापाची वायर, प्लग आणि व्हिडिओ गेम हे तिन्ही ठीक. राहिला उजेड. मी ती बंदूक खणभागातल्या आमच्या जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांच्या दुकानात नेली. त्यांच्याकडे २१ इंची डब्बा टीव्ही अजून टेबलावर चालू स्थितीत असतो. तिथं पहिल्या चापाला बदक पडलं. काका म्हणाले, "बंदुकीला काय धाड भरलीय? नवा टीव्ही तिला दिसंना झालाय, एवढंच."

त्यांचं म्हणणं नेमकं आहे. पण "दिसंना" याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्ही सुट्या करून बघितल्या नाहीत तर माणूस पैसे भलतीकडेच घालवतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे हे सुटं करून बघायची सोय हाताशी होती.

चाप ओढला की खेळ काय करतो ते आधी पाहू. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रं येतात, म्हणजे एक चित्र २० मिलिसेकंदांचं. चाप ओढल्याबरोबर खेळ एक चित्र पूर्ण काळं पाठवतो. त्या काळ्या चित्राच्या वेळी बंदुकीला उजेड दिसला तर खेळ समजतो की नळी भलत्याच ठिकाणी, एखाद्या दिव्याकडे रोखलेली आहे, आणि नेम चुकला असं धरतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन, बाकी सगळं काळं. त्या २० मिलिसेकंदांत बंदूक "दिसला" म्हणाली तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर पहिल्याचा चौकोन एका चित्रात आणि दुसऱ्याचा त्याच्या पुढच्या चित्रात. आपल्या डोळ्याला पडदा नुसता लुकलुकल्यासारखा वाटतो, पण तेवढ्यात सगळी चौकशी पूर्ण होऊन निकाल लागलेला असतो.

वर्गात हजेरी घेताना असतं तसंच हे आहे. नंबर पुकारला की त्याच क्षणी "हजर" यायला हवं. तीन नंबरचा मुलगा चार नंबर पुकारल्यावर हजर म्हणाला तर तीनची गैरहजेरी लागते आणि चारची हजेरी. समजा एखादा टीव्ही बरोबर एका चित्रानं मागे आहे, आणि समजा काळ्या चित्राची तपासणीही कशीबशी पार पडली. तर दुसऱ्या बदकाची चौकशी चालू असताना पडद्यावर पहिल्याचा चौकोन उजळलेला असेल. नेम पहिल्यावर धरायचा आणि पडणार दुसरं. त्याहून जास्त उशीर असेल तर दोघांच्याही वेळी अंधार, आणि उजेड पोचेल तेव्हा खेळ पुढच्या कामाला लागलेला.

जुन्या डब्बा टीव्हीत उशीर नावाची गोष्टच नव्हती. व्हिडिओ गेममधून सिग्नल निघाला की तोच थेट इलेक्ट्रॉनच्या झोताला कमी-जास्त करायचा. मध्ये चित्र साठवून ठेवणारी मेमरी नाही, विचार करणारी चिप नाही. नवा टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी मेमरीत घेतो, जुनं बारीक चित्र आपल्या मोठ्या पडद्याच्या मापात ताणतो, रंग सुधारतो, कडा धारदार करतो, आणि मग दाखवतो. त्यात या जुन्या खेळांचा सिग्नल त्याला नीट ओळखू येत नाही. हे खेळ दर वेळी पूर्ण चित्र पाठवतात, पण टीव्ही त्याला अर्ध्या ओळींचं चित्र समजून पुढच्या-मागच्या चित्रांत मिसळू बघतो. एका चित्रापुरता आलेला पांढरा चौकोन या मिसळण्यात कधी राखाडी होतो, कधी फाटतो.

हा उशीर घरच्या घरी मोजता येतो. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन असतं, म्हणजे एक चित्र जवळपास ४.२ मिलिसेकंदांचं. चाप आणि पडदा दोन्ही एका फ्रेममध्ये येतील असा मोबाइल धरायचा, चाप ओढायचा, आणि नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं: चाप दबल्यापासून पडदा काळा होईपर्यंत किती चित्रं गेली. यात खेळाचा स्वतःचा वेळही मिसळलेला असतो, म्हणून तेच डब्बा टीव्हीवरही मोजायचं आणि वजाबाकी करायची. काकांच्या टीव्हीवर ७ चित्रं आली, भाच्याच्या टीव्हीवर २८. फरक २१ चित्रांचा, म्हणजे साधारण ८८ मिलिसेकंद. खेळाच्या हिशेबानं चारपेक्षा जास्त चित्रांचा उशीर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू केल्यावर तोच फरक ७ चित्रांवर आला, म्हणजे २९ मिलिसेकंद. फार मोठी सुधारणा, पण खेळाला एका चित्राचीही सवलत चालत नाही. शिवाय नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जुनी जागाच नसेल आणि मध्ये एव्हीचं एचडीएमआय करणारी स्वस्त डबी लावली असेल, तर त्या डबीचा वेळ यात आणखी मिळवावा लागतो.

इथवर आलेला माणूस साहजिकच म्हणतो की मग उशीर शून्यावर आणू. त्यासाठी चांगली यंत्रं आहेत. ओएसएससी नावाचा कन्व्हर्टर चित्र न साठवता जवळपास ओळीमागून ओळ पुढे पाठवतो, त्याचा स्वतःचा उशीर नगण्य. उड्यांच्या खेळांसाठी तो खरंच उत्तम आहे. बंदुकीसाठी मात्र तो घेऊ नका. त्याच्या पुढे टीव्हीचा स्वतःचा उशीर उरतोच, आणि तो गेला असता तरी बंदूक बोलली नसती. कारण दुसरी अडचण वेळेची नाहीच.

डब्बा टीव्हीचं चित्र कधीच एका वेळी पूर्ण पडद्यावर नसतं. झोत वरून खाली ओळी मारत जातो, एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत. झोत जिथं पडतो तिथला ठिपका झगझगीत उजळतो आणि लगेच विझायला लागतो. आपला डोळा मंद, म्हणून आपल्याला सलग चित्र दिसतं. बंदुकीचा सेन्सर मंद नाही. तिच्यासमोरचा पांढरा चौकोन समजा ३२ ओळींचा आहे, तर तिला सलग उजेड दिसत नाही, तिला ३२ चमका दिसतात, ६४ मायक्रोसेकंदांना एक, आणि दोन मिलिसेकंदांत खेळ खलास. पाल टीव्हीवर या चमकांचा वेग सेकंदाला १५,६२५ पडतो. मूळ बंदूक बनवणाऱ्यांनी नेमका हाच गुण पकडला. सेन्सरच्या मागे असं सर्किट घातलं की या वेगाच्या आसपास लुकलुकणारा उजेड तेवढा पुढे जाईल, आणि खिडकीतलं ऊन, बल्ब, ट्यूबलाइट असा सावकाश बदलणारा किंवा स्थिर उजेड तिथंच अडेल. नकली बंदुकांत हे सर्किट किती काटेकोर असेल ते बंदुकीगणिक बदलतं, पण स्थिर उजेड अडवायची काहीतरी सोय बहुतेकांत असते.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. बंदुकीचे स्क्रू काढून दोन अर्ध्या कवच्या वेगळ्या केल्या. आत चापाचा छोटा स्विच, वजन यावं म्हणून घातलेला लोखंडाचा तुकडा, आणि नळीच्या तळाशी नखाएवढं सर्किट बोर्ड. सेन्सरच्या पुढे एक कपॅसिटर बसवलेला, म्हणजे स्थिर उजेडाची वाट तिथंच बंद. प्रयोगशाळेत एक पांढरा एलईडी फंक्शन जनरेटरला जोडला, नळीसमोर धरला आणि बंदुकीच्या आउटपुटला ऑसिलोस्कोप लावला. एलईडी सलग पेटवला, बंदूक गप्प. सेकंदाला १०० वेळा लुकलुकवला, तरी गप्प. काही हजारांवर गेल्यावर ऑसिलोस्कोपवरची रेघ थरथरायला लागली, आणि १५ हजारांच्या जवळ आल्यावर आउटपुट खटकन पलटलं. एलईडी तोच, हातभर अंतर तेच. फरक फक्त लुकलुकण्याचा.

आता नवा टीव्ही. एलसीडी पडद्यामागे दिवे सतत पेटलेले असतात आणि पडद्याचा प्रत्येक ठिपका आपला रंग पुढचं चित्र येईपर्यंत धरून ठेवतो. काही टीव्हींत ब्राइटनेस कमी करण्यासाठी मागचे दिवे लुकलुकवतात, पण तो वेग बहुधा काही शेकड्यांत असतो. ओएलईडीमध्ये मागचा दिवा नाही, तरी ठिपका पूर्ण चित्रभर उजळलेलाच राहतो. म्हणजे नेम अचूक, चौकोन समोर, वेळही जुळवलेली, तरी बंदुकीच्या दृष्टीनं तो पांढरा चौकोन म्हणजे खिडकीतलं ऊन. तिनं तो नाकारावा असंच तिला बनवलेलं आहे.

याच कारणानं डब्बा टीव्ही घेतानाही एक गोष्ट बघावी लागते. शेवटच्या काळात काही महागडे, सपाट काचेचे डब्बा टीव्ही "१०० हर्ट्झ" म्हणून विकले जात. चित्र लुकलुकू नये म्हणून ते प्रत्येक चित्र मेमरीत घेऊन दोनदा मारतात. झोत आहे, काच आहे, पण वेळही चुकते आणि ओळींचा वेगही दुप्पट होतो. अशा टीव्हीवर बंदूक चालत नाही. साधा, जुना, स्वस्त २१ इंची टीव्ही मिळाला तर तो या कामाला त्या महागड्यापेक्षा चांगला.

आता उपायांकडे वळते. टीव्ही नवाच ठेवायचा आणि जुनीच बंदूक, जुनाच व्हिडिओ गेम चालवायचा हा हट्ट असेल तर दोन्ही अडचणी एकदमच सोडवाव्या लागतात. काही हौशी लोकांनी ते केलंय. खेळाच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून चौकोन दाखवल्यावर ठरावीक चित्रं थांबायचं आणि मग बंदुकीला विचारायचं, आणि बंदुकीतलं ते चाळणीचं सर्किट बाजूला सारून तिला स्थिर उजेडही दिसेल असं करायचं. एकच बदल करून भागत नाही. नुसता खेळ बदलला तर बंदूक आंधळी, नुसती बंदूक बदलली तर उत्तर उशिरा. बदललेला खेळ चालवायला रिकामी कॅसेट लागते, ज्यात मेमरी कार्डावरून खेळ भरता येतो. थांबायची चित्रं आपल्या टीव्हीच्या उशिराशी जुळवावी लागतात, ती टीव्ही बदलला की बदलतात. प्रत्येक खेळाचा प्रोग्रॅम वेगळा, म्हणून प्रत्येकात वेगळा बदल करावा लागतो. आणि चाळणी गेल्यामुळे घरातला उजेड बंदुकीला फसवू शकतो, म्हणून खोली अंधारी ठेवावी लागते. यात खेळाची मूळ रीत टिकते, हे मला मनापासून आवडतं. पण फळ एक-दोन खेळांपुरतं.

भाच्यासाठी मी निवडलेला उपाय याच्या उलटा आहे. पडद्याच्या उजेडाला विचारायचंच नाही. बंदुकीत छोटा कॅमेरा बसवायचा, टीव्हीच्या कडांना डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचे चार दिवे लावायचे, आणि कॅमेऱ्याला ते चार ठिपके कुठं दिसतात त्यावरून नळी पडद्याच्या कुठल्या जागी रोखलेली आहे हे गणितानं काढायचं. यासाठी गनफोरआयआर आणि ओपनफायर असे प्रकल्प आहेत. कॅमेरा डीएफरोबोट कंपनीचा, निन्टेंडो वी च्या रिमोटमधल्या कॅमेऱ्याच्या जातीचा. तो चित्र पाठवतच नाही, फक्त जास्तीत जास्त चार उजळ ठिपक्यांच्या जागा आकड्यांत सांगतो. ते आकडे वाचायला पेटीत मावणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो, आणि कॉम्प्युटरला ही बंदूक यूएसबी माउससारखी दिसते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळे तिथंच अडखळतात. ही बंदूक जुन्या व्हिडिओ गेमला सरळ लागत नाही. त्याला उजेड दिसला की नाही एवढंच विचारता येतं, आणि हिला फक्त जागा सांगता येते. म्हणून खेळ कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवायचा. चाप ओढला की एम्युलेटरमधला खेळ जसाच्या तसा काळं चित्र, मग पांढरा चौकोन काढतो, आणि "उजेड?" असं विचारतो. एम्युलेटर स्वतःच्या मेमरीतल्या त्या चित्रात, बंदुकीनं सांगितलेल्या जागेचा ठिपका उजळ आहे का ते बघून उत्तर देतो. टीव्हीवर ते चित्र अजून आलेलंही नसतं. टीव्ही या सवालजबाबातून पूर्ण बाहेर. मला या उपायाचं सगळ्यात मोठं कौतुक याच गोष्टीचं आहे: खेळात एका अक्षराचाही बदल न करता तो चालतो.

उशिराचा थोडा त्रास तरी उरतोच. पडद्यावरचं बदक मागचं असतं. समजा बदक एका चित्रात दोन ठिपके सरकतंय आणि टीव्ही चार चित्रं मागे आहे, तर आपण जिथं बघतोय तिथून ते आठ ठिपके पुढे गेलेलं. चौकोन त्याहून बराच रुंद असल्यामुळे मध्यावर नेम धरला तर चालतं, शेपटीवर धरला तर चुकतं. म्हणून गेम मोड इथंही चालूच ठेवायचा.

दिव्यांचं गणित सोपं आहे. ९४० नॅनोमीटरच्या, रुंद कोनाच्या अवरक्त एलईडीवर साधारण १.३५ व्होल्ट पडतात. तीन एलईडी एकामागे एक जोडले की ४.०५ व्होल्ट. यूएसबीच्या ५ मधून उरतात ०.९५ व्होल्ट. तिथं २२ ओहमचा रेझिस्टर घातला की ४३ मिलिअँपिअर वाहतात. असे चार गट मिळून १७२ मिलिअँपिअर, म्हणजे टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर ते निर्धास्त चालतात आणि टीव्ही बंद केला की बहुतेक टीव्हींत आपोआप विझतात. गट दोन वर, दोन खाली असे लावता येतात किंवा चारही कडांच्या मध्यावर एकेक. दिवे लागले की नाही हे डोळ्याला कळत नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं की ते फिके जांभळे दिसतात. एखादा गट दिसला नाही तर बहुधा एलईडी उलटा लागलेला असतो.

खरी अडचण अंतराची आली. हा कॅमेरा आडवा ३३ अंश आणि उभा २३ अंश एवढंच बघतो. भाच्याचा ४३ इंची टीव्ही ९५ सेंटिमीटर रुंद. नेम अगदी उजव्या कडेवर धरला तरी डाव्या कडेचे दिवे नजरेत राहायला हवे असतील, तर साडेसोळा अंशांत ९५ सेंटिमीटर बसायला हवेत. त्यासाठी उभं राहायचं अंतर येतं ३.२ मीटर, साडेदहा फूट. त्यांचा हॉल दहा बाय बारा, टीव्ही लहान भिंतीवर, समोर सोफा. पाठ सोफ्याच्या मागच्या भिंतीला टेकवली तरच जमायचं. एखाद-दुसरा ठिपका नजरेबाहेर गेला तर बंदुकीतला प्रोग्रॅम उरलेल्यांवरून त्याची जागा अंदाजानं धरतो, त्यामुळे थोडं पुढे आलं तर चालतं. पण कोपऱ्यांत नेम थरथरायला लागतो, आणि अंतर कमी असल्याची तीच खूण. बेडरूममधल्या ३२ इंची टीव्हीची रुंदी ७१ सेंटिमीटर. त्याला तोच हिशेब २.४ मीटरचा, म्हणजे आठ फूट. दिवे आम्ही त्यालाच लावले.

गौरी-गणपतीत सगळी भावंडं जमली आणि मोठ्या हॉलसाठी दिवे तात्पुरते तिकडे हलवले, तेव्हा नेम एकदम भलतीकडे उड्या मारायला लागला. टीव्हीशेजारीच गणपतीची आरास होती आणि समई तेवत होती. ज्योतीत अवरक्त उजेड भरपूर असतो, कॅमेऱ्याला ती पाचव्या दिव्यासारखी दिसते, आणि त्याला फक्त चारच मोजता येत असल्यामुळे खरा दिवा सुटून ज्योत धरली जाते. समई काही आपण हलवणार नाही, म्हणून पोरांना दुपारी पडदे ओढून, समई तेवत नसताना खेळायला सांगितलं. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन, जुना पिवळा बल्ब हेही असाच घोटाळा करतात. ट्यूबलाइट आणि एलईडी बल्ब निरुपद्रवी. नेम उडतोय असं दिसलं की खोलीत तापणारं काय पेटलंय ते आधी शोधावं.

ज्यांना टीव्हीला दिवे चिकटवायचे नाहीत त्यांच्यासाठी सिंडेन लाइटगन आहे. तिच्यात साधा कॅमेरा असतो. खेळाच्या चित्राभोवती कॉम्प्युटर एक पांढरी चौकट काढतो, आणि ती चौकट कॅमेऱ्यात कशी तिरपी, लहान-मोठी दिसते त्यावरून जागा निघते. समईचा प्रश्न नाही. पण परदेशातून मागवावी लागते, बऱ्यापैकी महाग पडते, आणि कॅमेऱ्यातलं चित्र तपासायचं काम कॉम्प्युटरवर येतं.

आणि माझी जुनी काळी बंदूक? तिचा कपॅसिटर मी जागेवरच ठेवला, आत नवा कॅमेरा बसवायला दुसरं खेळण्यातलं पिस्तूल घेतलं. मूळ बंदूक मूळ व्हिडिओ गेमवर चालायला हवी असेल तर डब्बा टीव्हीला पर्याय नाही, आणि सांगलीत ते टीव्ही झपाट्यानं संपत चाललेत. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे कितीतरी वाहून गेले किंवा गाळात बसले. पुरात बुडालेला टीव्ही भंगारात स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आतल्या गाळाला ओल धरते, आणि पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. तो दाब बंद केल्यावरही काचेत बराच वेळ टिकतो, म्हणून मागचं झाकण फक्त जाणत्या मेकॅनिकनं उघडावं. चांगला टीव्ही बघायचा तर व्हिडिओ गेम आणि बंदूक सोबत न्यावी. ब्राइटनेस वाढवूनही बदकं फक्त जवळूनच पडत असतील तर ट्यूब म्हातारी झालीय, पांढरा चौकोन पुरेसा पांढरा होत नाही. नेम सगळीकडे सारखाच बसत असेल आणि दहा फुटांवरूनही बदक पडत असेल तर तो टीव्ही उचलावा.

प्लेस्टेशनवरच्या टाइम क्रायसिसची गनकॉन बंदूक याहून हट्टी आहे. ती टीव्हीला जाणाऱ्या पिवळ्या वायरीलाच आपला फाटा जोडते, चित्र सुरू झाल्याचा इशारा तिथून घेते, आणि मग झोत आपल्या नळीसमोर यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजून आडवी-उभी जागा काढते. झोतच नाही अशा पडद्यावर तिला मोजायलाच काही उरत नाही. ती घेऊन मी काकांकडे गेले तेव्हा त्यांनी त्यांच्या २१ इंचीवर तिचा नेम जुळवून दिला, आणि म्हणाले, "याचं एलओटी कधी पण जाईल बघा. तुम्हाला पायजे असंल तर एक जादा काढून ठेवतो." एलओटी म्हणजे पिक्चर ट्यूबला तो हजारो व्होल्टचा दाब देणारा ट्रान्सफॉर्मर. मी हो म्हटलं, आणि आगाऊ पैसे देऊन आले.